एलएम १३७०० चा व्हीसीए: आवाज बंदच होत नाही, फाटतो, ढब्ब करतो? आधी बायस करंट मोजा

माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या बोर्डात हा एक बोर्ड ठरलेला आहे, वेगवेगळ्या पोरांचा असतो पण आजार तोच. एलएम १३७०० लावून व्हीसीए बनवलेला असतो, म्हणजे कंट्रोल व्होल्टेजने आवाज कमीजास्त करणारी स्टेज. कोणी सिंथ बनवून राहिला असतो, कोणी कंप्रेसर, कोणाचा कॉलेजचा प्रोजेक्ट असतो आणि सबमिशन परवा असते. नागपूरच्या बर्डीवरून आयसी आणतात, नेटवरचा सर्किट पाहून वायरिंग करतात, आणि मग म्हणतात आयसी डुप्लिकेट दिला बे. डुप्लिकेट मिळतात हे खरं आहे, त्याबद्दल खाली बोलतो, पण माझ्यासमोर आलेल्या बोर्डात बहुतेक वेळा आयसी बिचारा चांगला असतो आणि त्याच्या पिन १ मध्ये जाणारा करंट चुकलेला असतो.

आधी लक्षणं पाहून घ्या, तुमचं कोणतं आहे ते.

पहिलं आणि सगळ्यात जास्त दिसणारं: कंट्रोल व्होल्टेज शून्यावर आणलं तरी आवाज बंद होत नाही, थोडासाच कमी होतो. दुसरं, आवाज फाटतो, आणि कंट्रोल कमी केलं तरी फाटलेलाच राहतो, फक्त लहान होतो. तिसरं, आवाजाची एकच बाजू कापली जाते, स्कोपवर खालचा अर्धा भाग सपाट दिसतो. चौथं, कंट्रोल झटक्यात वर गेलं की ढब्ब असा आवाज येतो, इनपुटला काहीच लावलेलं नसलं तरी. आणि पाचवं, काहीच येत नाही आणि आयसी गरम. गरम असेल तर वाचत बसू नका, आधी सप्लाय काढा.

आता ही स्टेज काम कशी करते ते दोन मिनिटात सांगतो, कारण हे कळलं नाही तर पुढचे सगळे चेक नुसते पाठ करावे लागतील. एलएम १३७०० हा ओटीए आहे, आणि ओटीए साध्या ऑपअँपसारखा व्होल्टेज बाहेर देत नाही, करंट देतो. इनपुटच्या दोन पिनांमध्ये, म्हणजे ३ आणि ४ मध्ये, जितक्या मिलिव्होल्टचा फरक, त्याला ट्रान्सकंडक्टन्सने गुणलं की बाहेरचा करंट. आणि तो ट्रान्सकंडक्टन्स आयसीत पक्का बसवलेला नाही, तुम्ही पिन १ मध्ये जो बायस करंट सोडता, खाली Iabc लिहिलाय तो, त्याच्या सरळ प्रमाणात तो असतो:

```
gm = Iabc / (2 × VT)        VT = 26 mV (room temp)
gm ≈ 19.2 × Iabc
Iout = Iabc × tanh( Vin / (2 × VT) )
```

म्हणजे बायस करंट दुप्पट तर गेन दुप्पट, बायस करंट शून्य तर गेन शून्य. तिसऱ्या ओळीतून अजून दोन गोष्टी निघतात. बाहेरचा करंट कधीच बायस करंटपेक्षा जास्त होऊ शकत नाही. आणि इनपुटचे मिलिव्होल्ट वाढले की आउटपुट वाकायला लागतं. वरची जवळपास सगळी लक्षणं या दोन-तीन गोष्टींतच आहेत.

आता चेक, फुकटातल्यापासून सुरू.

इनपुट कमी करून ऐका

हा चेक करायला मल्टिमीटर पण लागत नाही. सोर्सचा व्हॉल्यूम चांगला खाली आणा, दहाव्या भागापर्यंत. फाटणं गेलं तर दोष इनपुटच्या डिव्हायडरमध्ये आहे, आयसी बदलू नका. ऑपअँपची सवय असलेल्या माणसाला हे पटतच नाही की या आयसीला पिनांवर दहा-वीस मिलिव्होल्टच्या पुढे सहन होत नाही. हिशोबाने सांगतो: पिनांमध्ये १० मिलिव्होल्ट पीक असेल तर तिसरं हार्मोनिक साधारण ०.३ टक्के येतं, १८ मिलिव्होल्टला ते १ टक्का होतं, आणि ५० च्या पुढे गेलात की तो फझ पेडल झाला समजा.

१ व्होल्ट पीकच्या लाइन सिग्नलला १०० के सिरीजमध्ये आणि १ के ग्राउंडला लावा, पिनवर ९.९ मिलिव्होल्ट येतात. दुसऱ्या इनपुट पिनवरून पण तेवढाच १ के ग्राउंडला द्या, सरळ तार नका टाकू. इनपुट पिन थोडा करंट ओढतात, दोन्हीकडे सारखा रेझिस्टर असला तर दोन्हीकडे सारखं व्होल्टेज पडतं आणि फरक उरत नाही. ढब्बवाल्या लक्षणात याचा उपयोग होतो. उलट अति पण करू नका, पिनवर १ मिलिव्होल्टच दिलात तर आवाज एकदम स्वच्छ येईल पण मागे सूंऽऽ असा हिस बसलेला ऐकू येईल.

कंट्रोल कमी केलं तरी फाटणं का जात नाही, हेही इथेच कळतं. वाकणं इनपुटच्या मिलिव्होल्टवर ठरतं, बायस करंटवर नाही. बायस कमी केला की तेच वाकडं चित्र लहान होऊन बाहेर येतं, एवढंच.

(पिन २ आणि १५ हे लिनिअरायझिंग डायोडचे आहेत. वापरत नसाल तर मोकळे सोडा. अर्धवट समजून तिथे रेझिस्टर लावलेले बोर्ड पाहिले आहेत, त्यात इनपुटचा सगळा हिशोब बदलतो. आधी साधा सर्किट चालवा.)

सप्लाय आणि पिन १ चं व्होल्टेज

मल्टिमीटर डीसी व्होल्टवर, काळा ग्राउंडला. पिन ११ वर अधिक १२, पिन ६ वर उणे १२ दिसलं पाहिजे. हे नसेल तर बाकी सगळं सोडा, आधी सप्लाय. आयसी सॉकेटमध्ये उलटा बसवलेला असेल तर तोही इथेच सापडतो. ब्रेडबोर्डवर उणे सप्लायची पट्टी मधोमध तुटलेली असते आणि पोरांना ते माहीत नसतं, हेही बघून घ्या.

आता कंट्रोल फुल करून पिन १ बघा. या पिनपासून उणे सप्लायपर्यंत आत दोन जंक्शन आहेत, म्हणून करंट वाहत असताना ही पिन उणे सप्लायच्या साधारण १.३ व्होल्ट वर बसते. सप्लाय ±१२ असेल तर उणे १०.७ च्या आसपास. ही पिन ग्राउंडजवळ बसत नाही, आणि पुढचा सगळा घोळ हे माहीत नसल्यामुळेच होतो. उणे १०.७ ऐवजी बरोबर उणे १२ दिसलं तर पिन आतून शॉर्ट झाली असण्याची शक्यता मोठी. उणे १०.७ पेक्षा बरंच वर, शून्याकडे किंवा पॉझिटिव्हमध्ये दिसलं तर आतलं जंक्शन ओपन झालंय. दोन्ही बाबतीत ती बाजू गेली.

मोजताना हात सांभाळा. प्रोब घसरून पिन १ ग्राउंडला टेकली तर त्या दोन जंक्शनवर जवळपास १२ व्होल्ट बसतात, मध्ये करंट अडवायला काहीच नाही, आणि आयसी त्याच क्षणी संपतो. बायस करंटची कमाल मर्यादा २ मिलिअँप आहे, आणि चालवायचा तर ०.५ च्या आसपास चालवा. म्हणून मी पिनवर प्रोब ठेवतच नाही, रेझिस्टरच्या पायावर ठेवतो.

बायस करंट मोजा, हाच खरा चेक

मल्टिमीटर करंट मोडला टाकून मध्ये घालायची गरज नाही. पिन १ ला जो सिरीज रेझिस्टर आहे त्याच्या दोन टोकांमधलं व्होल्टेज मोजा आणि रेझिस्टरने भागा. एकदा कंट्रोल शून्यावर ठेवून, एकदा फुलवर. दोन्ही आकडे कागदावर लिहा.

मागे एका इंजिनिअरिंगच्या पोराने आणलेला बोर्ड घ्या, त्यात हेच होतं. तक्रार अशी की दादा, व्हीसीए काम करून राहिला पण नीट नाही, स्लाइडर पूर्ण खाली नेला तरी गाणं चालूच. सप्लाय ±१२, कंट्रोल मायक्रोकंट्रोलरमधून फिल्टर करून ० ते ५ व्होल्ट, आणि तिथून ३३ के सरळ पिन १ ला. दिसायला काहीच गैर नाही. आता हिशोब करा:

```
CV = 0 V :  (0 + 10.7) / 33k = 0.324 mA
CV = 5 V :  (5 + 10.7) / 33k = 0.476 mA
```

कंट्रोल शून्यावर असताना सुद्धा चांगले १०.७ व्होल्ट त्या रेझिस्टरवर बसलेले आहेत! शून्यापासून पाचपर्यंत पूर्ण स्लाइडर फिरवला तर करंट ०.३२४ वरून ०.४७६, म्हणजे दीडपट पण नाही. डेसिबलमध्ये साधारण ३.३. कूलरचं बटण बंद वर नेलं तरी पंखा फिरतच राहावा, फक्त थोडा हळू, तसं हे. आयसीने त्याचं काम चोख केलं होतं, त्याला जेवढा करंट दिला तेवढा गेन त्याने दिला.

मग नेटवरच्या मूळ सर्किटमध्ये हे चालत कसं होतं? तिथे ३३ केच्या आधी एक ऑपअँप होता, ज्याचं आउटपुट उणे सप्लायच्या जवळपर्यंत खाली जात होतं. उणे १०.७ ला पोचलं की करंट शून्य. पोराने तो ऑपअँप फालतू समजून काढून टाकला आणि मायक्रोकंट्रोलर सरळ जोडला, जो ग्राउंडच्या खाली जाऊच शकत नाही. आता ३३ के चा १०० के करा, ४७० के करा, दोन टोकांमधलं प्रमाण तेच राहणार, फक्त आवाज एकूण लहान होईल. पोरं दिवसभर हेच करत बसतात.

उपाय दोन-तीन रुपयांचा आहे, एक बीसी ५५७. बेस ग्राउंडला. कंट्रोल व्होल्टेज १० के मधून एमिटरला. कलेक्टर अजून एका १० के मधून पिन १ ला. आता एमिटर ०.६ व्होल्टवर बसतो आणि करंट ठरतो तो कंट्रोल वजा ०.६ भागिले १० के असा, पिन १ कुठे बसली आहे याच्याशी त्याला काही घेणंदेणं नाही. ५ व्होल्टला ०.४४ मिलिअँप, आणि कंट्रोल ०.६ च्या खाली गेलं की बंद. कलेक्टरमधला दुसरा १० के काऊन, असं विचाराल तर तो विमा आहे. ट्रान्झिस्टर शॉर्ट झाला, कसाही झाला, तरी पिन १ मध्ये १.१ मिलिअँपच्या वर जात नाही, आणि करंट मोजायला हाच रेझिस्टर कामी येतो, त्याच्यावर ४.४ व्होल्ट दिसले की ०.४४ मिलिअँप.

बसवताना पाय बघा. बीसी ५५७ चा सपाट भाग तुमच्याकडे आणि पाय खाली धरले तर डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. २एन३९०६ लावाल तर बरोबर उलट, एमिटर, बेस, कलेक्टर.

बदल केल्यावर आउटपुट किती यायला पाहिजे तेही काढून ठेवा म्हणजे अंदाजपंचे होणार नाही. ०.४४ मिलिअँपला ट्रान्सकंडक्टन्स ८.४ मिलिसीमेन्स, पिनवर ९.९ मिलिव्होल्ट, म्हणजे करंट साधारण ०.०८३ मिलिअँप. पिन ५ वरून ग्राउंडला १० के असेल तर ०.८३ व्होल्ट पीक. १२ के लावला तर १ व्होल्ट, जेवढं आत तेवढंच बाहेर. आउटपुट लहान येतो म्हणून इनपुट वाढवू नका, हा रेझिस्टर वाढवा. हा १० के पिन ५ वर नसेलच तर आउटपुट करंटला जायला जागा नाही आणि पिन एका सप्लायला जाऊन चिकटते, तेव्हा तोही बघा.

एकच बाजू कापली जात असेल तर बफर बघा

पिन ७ ते ८ मधला बफर म्हणजे आत एक डार्लिंग्टन एमिटर फॉलोअर आहे, तो करंट देऊ शकतो पण ओढू शकत नाही. पिन ८ वरून उणे सप्लायला ४.७ के किंवा १० के लागतोच. तो विसरला, किंवा उणे सप्लायऐवजी ग्राउंडला लावला, की खालची बाजू कापली जाणार. बफरचं आउटपुट इनपुटपेक्षा साधारण १.३ व्होल्ट खाली बसतं, ते नॉर्मल आहे, पुढे कपॅसिटर टाका. ड्राय सोल्डर पण इथेच जास्त सापडतो, का ते मला माहीत नाही, कदाचित कोपऱ्यातली पिन आहे म्हणून.

ढब्ब

हा सगळ्यात चिवट. आयसीच्या इनपुटला स्वतःचा थोडा ऑफसेट असतो, एलएम १३७०० मध्ये साधारण ०.४ मिलिव्होल्ट, वाईटात वाईट ४ पर्यंत. सिग्नल नसला तरी तो ऑफसेट आहेच, आणि गेन वर गेला की तोही मोठा होऊन बाहेर येतो. आपल्या बोर्डचा हिशोब लावला तर १ मिलिव्होल्ट ऑफसेटला पिन ५ वर ८४ मिलिव्होल्टची उडी बसते, सिग्नलच्या दहाव्या भागाएवढी. हळू फेड केला तर कळत नाही, पण झटक्यात उघडला की स्पीकर ढब्ब करतो. पुढे कपॅसिटर टाकून हे जात नाही, कारण उडी ही बदलती गोष्ट आहे आणि कपॅसिटर ती सोडतोच.

एक १०० के चा प्रीसेट घ्या, टोकं अधिक आणि उणे १२ ला, मधला पाय २.२ मेग मधून त्या इनपुट पिनला जिथे १ के ग्राउंडला आहे. याने ±५.५ मिलिव्होल्टची रेंज मिळते, ४ ला पुरून उरते. आता ऑडिओ इनपुट ग्राउंडला शॉर्ट करा, कंट्रोलला हळू चौकोनी वेव्ह द्या, सेकंदाला दोन-तीन वेळा, आणि प्रीसेट असा फिरवा की ठक ठक सगळ्यात कमी होईल. बोर्ड दहा-पंधरा मिनिटं चालू ठेवून मगच फिरवा. पूर्ण शून्य होणार नाही, त्याच्या मागे लागू नका. प्रीसेट टोकाला गेला तरी ठकठक कमी होत नसेल तर दोन्हीकडचे १ के सारखे आहेत का ते बघा, ते ठीक असतील तर आयसीवर संशय घ्या.

मे महिन्यात बिघडतो म्हणतात

नागपुरात ही तक्रार दर उन्हाळ्यात. डिसेंबरच्या सकाळी १० डिग्री आणि मे मध्ये ४५ धरा. फॉर्म्युल्यातला VT तापमानाबरोबर वाढतो, म्हणून बायस करंट तोच ठेवला तर गेन या सगळ्या फरकाने साधारण ११ टक्के उतरतो, म्हणजे १ डेसिबल. एवढं कानाला धड कळत पण नाही. तेव्हा उन्हाळ्यात आवाज अर्धा झाला असेल तर उन्हाला दोष देऊ नका, दुसरं काही आहे.

उन्हाळ्यात जे खरंच दिसतं ते टोकाला दिसतं. बीसी ५५७ चं ते ०.६ व्होल्ट दर डिग्रीला साधारण २ मिलिव्होल्ट खाली येतं, ३५ डिग्रीला ७० मिलिव्होल्ट. फुल कंट्रोलला याचा काही फरक पडत नाही, पण तुमचं कंट्रोल खाली येऊन ०.५५ लाच थांबत असेल तर जो व्हीसीए हिवाळ्यात बंद होत होता तो मे मध्ये झिरपायला लागतो. कंट्रोल खरोखर शून्यापर्यंत खाली आणा, बहुतेक वेळा तेवढ्यात काम होतं. नाहीतर टीएल ०७२ चा एक भाग लावा: प्लस ग्राउंडला, मायनस एमिटरला, आउटपुट बेसला. मग एमिटर शून्यावर बसतो आणि ते ०.६ हिशोबातूनच जातं. बेसकडून एमिटरकडे एक १एन४१४८ पण टाका, कंट्रोल चुकून निगेटिव्ह गेलं तर ट्रान्झिस्टर वाचतो.

आता आयसी

इथपर्यंत सगळं बरोबर असेल तरच आयसीकडे वळा. आत दोन ओटीए आहेत, तेव्हा नवीन आणायच्या आधी दुसरी बाजू वापरून बघा: १ चं १६, ३ चं १४, ४ चं १३, ५ चं १२, बफर १० आणि ९. दुसरी बाजू चालली तर पहिली जळाली होती, आणि ती का जळाली हे शोधल्याशिवाय नवीन बसवू नका. नवीन आणाल तर सॉकेटमध्येच लावा. सीए ३०८० मिळाला म्हणून कोणी आणला तर जपून, तो आरसीएचा जुना आयसी बनणं बंद होऊन बरीच वर्षं झाली, स्वस्तात "नवीन" मिळणारे बरेचदा घासून नाव छापलेले असतात. त्याला बफर नाही, आठ पिनांचा आहे आणि बायस पिन ५ ला आहे, सरळ अदलाबदल होत नाही.

इथे थांबा

सप्लायचे ±१२ चुकीचे येत असतील आणि दोष ट्रान्सफॉर्मर किंवा २३० व्होल्टच्या बाजूला असेल, तर स्वतः उघडू नका, टेक्निशियनकडे द्या. नवीन बसवलेला आयसीही जळाला तर तिसरा घालू नका, बोर्डात कुठेतरी शॉर्ट आहे आणि तो स्कोप व बेंच सप्लायवर करंट लिमिट लावूनच सापडतो. बारीक एसएमडी बोर्ड, किंवा कोणाचा जुना महागडा सिंथ ज्यात मूळचे सीए ३०८० आहेत, त्याला सोल्डरिंग आयर्न लावू नका, ट्रॅक उचलला गेला तर पाचशेचं काम पाच हजारावर जातं. व्हीसीएच्या पुढे पॉवर अँप सरळ जोडलेला असेल आणि स्पीकरचा कोन एका बाजूला ओढून बसलेला दिसला तर लगेच बंद करा, तिथे डीसी जाऊन राहिला आहे.

टेक्निशियनकडे जाताना पिन ६ आणि ११ चं व्होल्टेज, कंट्रोल शून्यावर आणि फुलवर असतानाचा बायस करंट, आणि सिग्नल नसताना पिन ५ वरचं डीसी, एवढे आकडे लिहून न्या. नुसतं "आवाज फाटते भाऊ" म्हणून बोर्ड टेकवला तर तोही पहिला अर्धा तास हेच मोजण्यात घालवेल आणि त्याचे पैसे तुम्हीच द्याल.